फ्रिजची तक्रार आयोगात देताय? आधी तारखा लावा, मग मागणी लिहा

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही मांद्र्याचे. 2024 च्या चवथीच्या तोंडावर म्हापशाच्या एका दुकानातनं डबल डोअर फ्रिज घेतला, सहा-सात महिन्यांत कूलिंग गेलं. कंपनीचा माणूस येतो, गॅस भरतो, महिना-दीड महिना चालतो की परत तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला आतली कॉइल लीक आहे, पार्ट मागवतो, तो पार्ट काही आलाच नाही. आता म्हणतात वॉरंटी संपली, वर तुमच्याकडच्या खाऱ्या हवेने गंज आलाय, पैसे भरा. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा. ग्राहक आयोगात द्यायला मी स्वतःच सहा पानी तक्रार लिहिलीय, 5 लाख भरपाई मागितलीय. ओळखीच्या एका वकिलाने वाचून सांगितलं की यात नक्की काय झालं आणि तुम्हाला काय हवंय तेच कळत नाही. वकील लावायचा नाहीये. मसुदा आणि सगळे कागद फोटो काढून पाठवतोय, काय बदलू ते सांगा.

— एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर

भाऊ, मसुदा वाचला आणि कागदही नीट बघितले. तुमचे कागद तुमच्या मसुद्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. बिल आहे, दोन जॉब शीट आहेत, ईमेल आहे, कंपनीचं उत्तर आहे, नोटिशीची पोस्टाची पावती आहे, एवढं बऱ्याच लोकांकडे नसतं. पण मसुद्याचं पहिलं दीड पान सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर फोनवर कसा बोलला त्यावर गेलंय, आणि फ्रिज कधी घेतला ते तिसऱ्या पानावर येतं. तुमचा राग खरा आहे, उन्हाळ्यात घरात फ्रिज बंद म्हणजे काय हाल होतात ते मला कळतं, पण आयोगाच्या सदस्यांसमोर त्या दिवशी अशा ढीगभर फायली असतात, त्यांना पहिल्या पानावर कळायला पाहिजे की काय घेतलं, कधी बिघडलं, कोणाला सांगितलं, त्यांनी काय केलं, आणि आता तुम्हाला काय हवंय.

म्हणून सगळ्यात आधी एक काम करा, मसुदा बाजूला ठेवा आणि फक्त कागद घेऊन बसा, आठवणीतनं एकही तारीख लिहू नका. तुम्ही लिहिलंय "26 ऑगस्टला फ्रिज घेतला", पण बिलावर 24 ऑगस्ट 2024 आहे, 26 ला तो घरी आला. तुम्हाला वाटेल दोन दिवसांनी काय होतंय, पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, आणि समोरच्या वकिलाला अशी एक चुकलेली तारीख मिळाली की तो तेवढ्यावरनं बाकीच्या तारखांवर पण शंका घेतो. तसंच "मार्चच्या आसपास", "बरेच दिवस", "वारंवार फोन केले" हे सगळं काढा. जिथे कागद आहे तिथे तारीख टाका, जिथे कागद नाही तिथे सरळ "फोनवर सांगितलं" एवढंच लिहा.

तुमच्या कागदांवरनं मी तारखांचा तक्ता लावून बघितला, तो असा होतो. अर्जात हा भाग "घटनाक्रम" म्हणून जसाच्या तसा टाकता येईल:

24 ऑगस्ट 2024 — तक्रारदाराने विरुद्ध पक्ष 1 यांच्या दुकानातून विरुद्ध पक्ष 2 यांनी बनवलेला डबल डोअर फ्रिज 38,500 रुपयांना घेतला. वॉरंटी संपूर्ण फ्रिजवर 1 वर्ष, कंप्रेसरवर 10 वर्षं. (परिशिष्ट 1: बिल, परिशिष्ट 2: वॉरंटी कार्ड)

11 मार्च 2025 — कूलिंग बंद. कंपनीकडे तक्रार नोंदवली. (परिशिष्ट 3: तक्रार क्रमांकाचा मेसेज)

15 मार्च 2025 — कंपनीच्या तंत्रज्ञाने तपासणी केली. जॉब शीटवर "गॅस लीक, गॅस भरला" अशी नोंद. (परिशिष्ट 4)

2 मे 2025 — तोच बिघाड पुन्हा. दुसरी तक्रार. (परिशिष्ट 5)

9 मे 2025 — पुन्हा गॅस भरला. लीक कुठे आहे ते शोधल्याची नोंद जॉब शीटवर नाही. (परिशिष्ट 6)

18 जून 2025 — तोच बिघाड तिसऱ्यांदा. फोनवर तक्रार केली.

27 जून 2025 — तंत्रज्ञाने आतल्या कॉइलमध्ये लीक असल्याचं आणि पार्ट मागवावा लागेल असं तोंडी सांगितलं. जॉब शीट दिली नाही.

14 जुलै 2025 — 18 जूनची तक्रार आणि 27 जूनची भेट यांचा उल्लेख करून कंपनीला ईमेल, पार्ट कधी येणार अशी विचारणा. (परिशिष्ट 7)

23 ऑगस्ट 2025 — 1 वर्षाची वॉरंटी संपली.

30 ऑगस्ट 2025 — कंपनीचा ईमेल: वॉरंटी संपली आहे, गंज खाऱ्या हवेमुळे आहे, दुरुस्तीसाठी 6,800 रुपये भरा. (परिशिष्ट 8)

15 सप्टेंबर 2025 — दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस. उत्तर नाही. (परिशिष्ट 9: नोटीस, पावत्या, पोहोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट)

आता हा तक्ता वरनं खाली एकदा वाचा, तुमची केस तुमची तुम्हालाच दिसेल. वॉरंटी संपली 23 ऑगस्टला, आणि तिसरी तक्रार आहे 18 जूनची. म्हणजे वॉरंटी चालू असताना, दोन महिन्यांपेक्षा जास्त दिवस हातात असताना तुम्ही सांगितलं होतं. पार्ट आणायला उशीर कंपनीने केला, आणि त्या उशिरात वॉरंटी संपली. वॉरंटीत नोंदवलेली तक्रार वॉरंटीतच धरायची असते, कंपनीने थांबून राहायचं आणि मुदत संपली की बिल पाठवायचं हे चालत नाही. तुमच्या सहा पानांत हे वाक्य कुठेच नव्हतं आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा हाच आहे. तक्त्यानंतर लगेच, दोन ओळींत, स्वतंत्र परिच्छेद करून हे लिहा.

दुसरी गोष्ट तक्त्यातनं दिसते ती खाऱ्या हवेची. मार्चच्या जॉब शीटवर गंज हा शब्द नाही, मेच्या जॉब शीटवर नाही, 27 जूनला तोंडी पण कोणी म्हणालं नाही. तो पहिल्यांदा येतो 30 ऑगस्टला, वॉरंटी संपल्यावर एका आठवड्याने. हे त्यांना नंतर सुचलेलं कारण आहे असं आरोप करून लिहायची गरज नाही, फक्त लिहा की "30 ऑगस्ट 2025 पूर्वी विरुद्ध पक्षांनी कोणत्याही कागदावर गंज किंवा खाऱ्या हवेचा उल्लेख केलेला नाही", वाचणाऱ्याला बाकीचं कळतं. किनाऱ्याजवळ धातू लवकर गंजतो हे खरंच आहे, आपल्याकडे खिडकीच्या ग्रिल बघितल्या तरी कळतं, त्यामुळे कंपनी हा मुद्दा ताणणार. म्हणून वॉरंटी कार्डाच्या मागचा बारीक मजकूर पूर्ण वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो अर्धाच आलाय. गंज वगळलेला असेल तर कशावरचा ते बघा, बाहेरच्या पत्र्यावरचा आणि पायांवरचा गंज वेगळा, आणि बंद भिंतीच्या आतल्या कॉइलला गेलेलं भोक वेगळं. आणि गोव्यात विकलेला फ्रिज गोव्यातल्या हवेत चालायला हवा, ही गोष्ट पण एका वाक्यात लिहायला हरकत नाही.

18 जूनच्या तक्रारीचा कागद नाहीये याची तुम्हाला काळजी वाटतेय ते मसुद्यात जाणवलं. ते भोक तुमच्या 14 जुलैच्या ईमेलने बुजतं. त्यात तुम्ही 18 जूनची तक्रार आणि 27 जूनची भेट दोन्ही लिहिलंय, आणि कंपनीने उत्तरात "अशी तक्रारच नव्हती" किंवा "आमचा माणूस आलाच नव्हता" असं म्हटलेलं नाही. फोनमधल्या त्या दिवसाच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मिळाला तर तोही जोडा. शिवाय अर्जात एक वेगळी विनंती घाला, की या फ्रिजच्या सीरियल नंबरवर नोंदलेल्या सगळ्या तक्रारी आणि भेटींचं रेकॉर्ड कंपनीने आयोगापुढे हजर करावं. ते त्यांच्या सिस्टीममध्ये असतंच. ईमेल आणि मेसेज प्रिंट करताना पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ दिसेल असं प्रिंट करा, आणि फोनमधले मूळ मेसेज डिलीट करू नका, फोन बदलायचा असेल तरी जुना जपून ठेवा.

आता "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट". हे शब्द तुम्ही अख्ख्या मसुद्यात पसरलेत. ते लिहिलं की सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं की तज्ज्ञाचा रिपोर्ट कुठाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तशी सोय आहे, दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते आणि वेळही वाढतो. तुमच्या केसमध्ये मी दोन पायांवर उभं राहायला सांगेन. एक, फ्रिज सदोष आहे, आणि त्याचा पुरावा म्हणजे कंपनीच्याच तंत्रज्ञाने लिहिलेल्या दोन जॉब शीट, एकाच बिघाडाच्या, 2 महिन्यांच्या आतल्या. दोन, समजा दोष कसला हा वाद बाजूला ठेवला तरी सेवेत कमतरता आहे, कारण लीक न शोधता नुसता गॅस भरला आणि पार्ट आणलाच नाही. गॅस काय हवेत उडून संपत नाही, ती बंद नळी असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच, ती न बुजवता परत भरला तर परत जाणारच. पहिला पाय लंगडा पडला तरी दुसरा टिकतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे, स्पष्ट लिहा, एकात एक मिसळू नका.

आणि कृपा करून तो फ्रिज बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नका, भंगारातही देऊ नका. तोच तुमचा मुख्य पुरावा आहे. बाहेरच्या माणसाने हात लावला की कंपनी म्हणणार त्यानेच बिघडवला. प्लग काढून, आत कोरडा करून, दार थोडं उघडं ठेवून कोपऱ्यात ठेवा, सीरियल नंबरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

आता मागणी. हा मसुद्याचा सगळ्यात कच्चा भाग. तुम्ही एका पानात लिहिलंय फ्रिज बदलून द्या, पुढच्या पानात पैसे परत, शेवटी 5 लाख भरपाई, कंपनीचं लायसन्स रद्द करा, मॅनेजरवर कारवाई करा. यातलं लायसन्स आणि मॅनेजर काढून टाका, ते जिल्हा आयोगाच्या अशा केसमधलं काम नाही. आयोग काय देऊ शकतो ते कायद्याच्या कलम 39 मध्ये आहे, तुमच्या कामाचं त्यातलं एवढंच: दोष दूर करायला लावणं, वस्तू बदलून देणं, किंमत व्याजासह परत, निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई, आणि खर्च. मागणी याच शब्दांत बसवली की आदेश लिहिणाऱ्यालाही ती तशीच उचलता येते.

बदली की परतावा हे तुम्ही ठरवायचंय, पण माझं मत विचाराल तर परतावा आधी मागा आणि बदली पर्याय म्हणून ठेवा. निकाल लागेपर्यंत ते मॉडेल बंद झालेलं असू शकतं, मग तसाच फ्रिज कुठला यावर परत वाद. आणि ज्या सर्व्हिस सेंटरने इतकं रखडवलं त्यांच्याच हातात पुढचा फ्रिज द्यायचा की नाही हाही विचार आहेच.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या छोट्या फ्रिजचे 12,400 रुपयेही मागणीत टाकलेत. ते काढा. मोठ्या फ्रिजचे पैसे परत मिळाले म्हणजे त्यातनंच दुसरा घेता आला असता, दोन्ही मागितलं की एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मागितल्यासारखं होतं. ते बिल मात्र जोडा, घर फ्रिजशिवाय चालवता आलं नाही याचा पुरावा म्हणून ते कामाचं आहे.

5 लाखांबद्दल. आयोगाची हद्द आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर ठरते, त्यामुळे 5 लाख मागितल्याने अर्ज परत येईल असं नाही. पण 38,500 च्या फ्रिजवर 5 लाख, आणि कारण एकच शब्द "मनस्ताप", यात बाकीचा खरा मजकूर पण फुगवलेला वाटायला लागतो. आणि खरं नुकसान तुम्ही शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलंय! आईंच्या इन्सुलिनची पेनं खराब झाली म्हणून परत आणावी लागली. भाऊ, हे वर यायला पाहिजे. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं, घरात डायबेटिसचा पेशंट आहे हे तुम्ही 14 जुलैच्या ईमेलमध्ये कंपनीला कळवलंही होतं, तरी त्यानंतर दीड महिना त्यांनी काही केलं नाही. फार्मसीची दोन बिलं तुमच्याकडे आहेत, मिळून 1,870 रुपये. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची कॉपी लावा. रक्कम लहान आहे पण ती मोजता येते, तिला कागद आहे, आणि त्रासाची भरपाई कशासाठी मागताय ते तिच्यामुळे वाचणाऱ्याला पटतं.

उलट "बायकोचा लाडू-चिवड्याचा धंदा बुडाला, 60,000 नुकसान" हे वाक्य तुम्हाला अडचणीत आणेल. कायद्याप्रमाणे व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा ग्राहक धरत नाहीत. फक्त पोट भरण्यासाठी स्वतःच्या कष्टाने चालवलेलं काम त्यातनं सुटतं, पण ते तुम्हाला दाखवावं लागेल, आणि 60,000 चा हिशोब तुमच्या कागदांत कुठेच नाही. लपवायचं बिलकुल नाही, प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहात. जे खरं आहे ते लिहा: फ्रिज घरच्या वापरासाठी घेतला, पत्नी सणाच्या दिवसांत घरी थोडा फराळ करून विकते. नुकसानीचा आकडा मात्र सोडा.

हे सगळं धरून मागणीचा भाग असा लिहा:

"तक्रारदाराची विनंती आहे की, आदेशापासून 45 दिवसांत,

(अ) विरुद्ध पक्ष 1 आणि 2 यांनी एकत्रितपणे व स्वतंत्रपणे फ्रिजची किंमत 38,500 रुपये, 15 सप्टेंबर 2025 पासून रक्कम मिळेपर्यंत दरसाल 9 टक्के व्याजासह परत करावी आणि सदोष फ्रिज स्वतःच्या खर्चाने घेऊन जावा;

(आ) पर्यायाने, त्याच क्षमतेचा नवा, निर्दोष फ्रिज नव्या वॉरंटीसह द्यावा;

(इ) खराब झालेल्या औषधाचे 1,870 रुपये आणि मानसिक त्रास व गैरसोयीसाठी 20,000 रुपये द्यावेत;

(ई) तक्रारीचा खर्च 5,000 रुपये द्यावा;

(उ) आयोगाला योग्य वाटेल तो अन्य आदेश व्हावा."

"एकत्रितपणे व स्वतंत्रपणे" हे शब्द सोडू नका, नाहीतर दुकानदार म्हणणार कंपनी देईल आणि कंपनी म्हणणार दुकानदार देईल, जे आत्ता चाललंय तेच आदेशानंतर पण चालेल. व्याज मी नोटिशीच्या तारखेपासून धरलंय, खरेदीपासून नाही, कारण पहिले सहा-सात महिने फ्रिज चालला होता आणि ते तुम्हीच लिहिताय. तरीही आयोग वापराचे म्हणून काही पैसे कापू शकतो, व्याजाचा दर कमी करू शकतो, 20,000 चे 5,000 करू शकतो, याची मनाची तयारी ठेवा. 45 दिवस अशासाठी की राज्य आयोगाकडे अपील करायची मुदत तेवढीच आहे.

विरुद्ध पक्ष कोण तेही नीट करा. मसुद्यात तुम्ही फक्त ब्रँडचं नाव आणि "म्हापसा सर्व्हिस सेंटर" लिहिलंय. क्रमांक 1 दुकान, बिलावरच्या नावाने आणि पत्त्याने, बोर्डावरच्या नावाने नाही. क्रमांक 2 उत्पादक कंपनी, तिचं पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता वॉरंटी कार्डावर किंवा फ्रिजच्या मागच्या लेबलवर असतो. चुकीच्या नावाने नोटीस गेली की ती परत येते आणि सगळं महिनोन्‌महिने लांबतं. बिलावर खाली "सर्व वाद मुंबई न्यायालयात" असा शिक्का आहे त्याने घाबरू नका, आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात अर्ज देता येतो, तुमचं मांद्रे उत्तर गोव्यात, म्हणजे पर्वरीचा उत्तर गोवा जिल्हा आयोग. अर्जात हे एका परिच्छेदात लिहायचं असतं, आणि त्याच्याच खाली लिहायचं की दिलेली किंमत 50 लाखांच्या आत आहे, आणि तक्रार मुदतीत आहे. मुदत 2 वर्षांची. कंपनी ती सगळ्यात आधीच्या तारखेपासून मोजायला बघणार, तेव्हा 11 मार्च 2025 धरून चाला आणि मार्च 2027 उजाडायची वाट बघू नका. तुम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर केलेल्या तक्रारीने किंवा नोटिशीने ही मुदत थांबत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

किंमत 5 लाखांच्या आत असल्याने फी काही नाही. अर्ज e-jagriti.gov.in वर ऑनलाइन भरता येतो, किंवा पर्वरीला जाऊन देता येतो, वकील लागत नाही. कामकाज इंग्रजीतून चालतं, म्हणून हा मराठी मजकूर पक्का झाला की म्हापशात चांगल्या टायपिस्टकडनं इंग्रजी करून घ्या, पण त्याच्या जुन्या नमुन्यात तुमचं नाव घालून देऊ देऊ नका. क्रम साधारण असा ठेवा: अनुक्रमणिका, तारखांचा तक्ता, अर्ज, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, मग परिशिष्टं, सगळ्या पानांना सलग नंबर. बिल थर्मल कागदावर आहे, आत्ताच फिकं दिसतंय, पावसाळ्यात आणखी पुसेल, आजच त्याची झेरॉक्स काढून मूळ प्लास्टिकच्या पाकिटात वेगळं ठेवा. तुमची सहा पानं अशी केल्यावर तीन-साडेतीन पानांत बसतात, मी बसवून बघितलंय. मॅनेजर बोलला ते पूर्ण काढायचं नसेल तर एक वाक्य ठेवा, तारखेसह.

अर्ज दाखल झाला की साधारण 21 दिवसांत तो दाखल करून घ्यायचा की नाही हे ठरतं, मग समोरच्यांना नोटीस, उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15. त्यापुढे मुदत वाढवून देता येत नाही, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तसं स्पष्ट केलंय, तेव्हा 45 दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर तारखेला ते लक्षात आणून द्या. कायद्यात पूर्ण निकालाला 3 महिने लिहिलेत, तपासणी लागली तर 5, पण प्रत्यक्षात जास्त लागतात.

एक मात्र बहुतेक होणार, नोटीस पोचली की कंपनीतनं गोड आवाजात फोन येईल, साहेब केस मागे घ्या, आम्ही फ्रिज बदलून देतो. तडजोड वाईट नाही, मिळत असेल तर घ्या. पण फोनवर हो म्हणू नका, ईमेलवर मागा: काय देणार, कोणतं मॉडेल किंवा किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, वॉरंटी नवी की जुनीच. मग ती तडजोड आयोगापुढे लेखी ठेवा आणि त्याप्रमाणे आदेश करून घ्या. पैसे खात्यात येण्याआधी किंवा नवा फ्रिज घरात लागून थंड होण्याआधी केस मागे घेतल्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूचा पूर्ण फोटो तेवढा पाठवा, गंजाचा परिच्छेद त्यावरनं पक्का करून देते.